हबला चिकटलेलं अलॉय चाक : चोर्ला घाटापासून खंडेनवमीपर्यंतच्या नोंदी

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, चार नटांची कंपनीचीच अलॉय चाकं. मुक्काम खानापूर. कामानिमित्त जवळजवळ दर आठवड्याला चोर्ला घाटातून गोव्याला जाणं-येणं असतं. इथे पाऊस चार महिने आणि पलीकडे खारी हवा, त्यामुळे आमच्या भागातल्या बऱ्याच गाड्यांना हा त्रास असणार आणि तो कळणार चाक काढायची वेळ येईल तेव्हाच. म्हणून जे झालं ते तारखेनिशी लिहून ठेवतोय.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

गोव्याहून परत येताना कणकुंबीच्या अलीकडे डावं मागचं चाक बसलं. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. स्टेपनी काढली, जॅक लावला, चारही नट दहा मिनिटांत निघाले. चाक मात्र जागचं हललं नाही. दोन्ही हातांनी धरून ओढलं, वर-खाली हलवलं, काही नाही. ड्रम आणि चाक जणू एकच तुकडा.

इथे पहिली चूक झाली. नट सगळे काढलेले, गाडी फक्त जॅकवर, आणि मी टायरला लाथा घालायला लागलो. पाचव्या-सहाव्या लाथेला गाडी झुलली. खाली पाहिलं तर जॅकचा पाय तांबड्या चिखलात एका बाजूने रुतला होता आणि जॅक तिरका झाला होता. त्या क्षणी चाक सुटलं असतं तर गाडी ड्रमवर आली असती, आणि माझा पाय चाकाखाली होता. लगेच चारही नट परत लावले आणि गाडी खाली घेतली.

डिकीत बारा व्होल्टचा हवेचा पंप होता म्हणून निभावलं. खिळा बारीक होता, हवा हळू जात होती. जांबोटीपर्यंत दोनदा थांबून हवा भरली. तिथल्या पंक्चरवाल्याने चाक न काढताच खिळा उपटला आणि बाहेरून दोरी भरली. दीडशे रुपये. टायर ट्यूबलेस आणि भोक मधल्या पट्ट्यात असल्यामुळेच हे जमलं. टायरची बाजू फाटली असती तर डिकीतल्या स्टेपनीचा काही उपयोग नव्हता.

१५ सप्टेंबर, सोमवार

बेळगावात एका टायरच्या दुकानात गेलो. चाक जाम आहे एवढंच सांगितलं आणि पैसे सुट्टे करायला शेजारच्या दुकानात गेलो. परत येईपर्यंत तिथल्या पोराने लोखंडी घण घेऊन आतल्या बाजूने सरळ अलॉयच्या कडेवर तीन ठोके घातले होते. चाक सुटलं नाहीच, वर आतल्या कडेला अंगठ्याएवढा पोचा आला. काम कसं करणार हे आधी विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही.

लोखंडी रिम असती तर पोचा येऊन भागलं असतं. अलॉय ओतीव असतं, ते फारसं वाकत नाही, तडकतं. आणि ती बारीक तड कडेवर असली तर हवा गळते, दांड्याच्या मुळाशी असली तर पुढे कधीतरी रस्त्यावर चाक फुटतं.

मग मालक म्हणाला, "गॅस मारूया की, दोन मिनिटांत सुटतंय." मी नको म्हटलं आणि गाडी घेऊन निघालो. टायर बसवलेल्या चाकाला ज्योत दाखवणं हा जिवाशी खेळ आहे. आतली कोंडलेली हवा तापून दाब वाढतो हे सगळ्यांना कळतं. पण रबराचं आतलं अस्तर तापून त्यातून पेट घेणारे वायू निघतात, आणि ज्योत बाजूला केल्यावरही टायर स्फोटासारखा फुटू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हवा काढून टाकली तरी पुढचे दोन धोके उरतातच. अलॉयला कारखान्यात उष्णता देऊन जी ताकद आणलेली असते ती दोनशे अंशांच्या वर उतरायला लागते, आणि बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही. शिवाय चाक ज्यावर बसतं त्या हबमागच्या बेअरिंगचं ग्रीस वितळतं आणि सील जळतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

शेजारचे तात्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, तीस वर्षं फिटर होते. संध्याकाळी त्यांना गाडी दाखवली. त्यांनी आधी विचारलं, "चाक शेवटचं कधी उतरवलंयस?" आठवून पाहिलं. टायर बदलले तेव्हा, म्हणजे तीन वर्षं होऊन गेली. मधे अलाइनमेंट दोनदा झालं, पण त्याला चाक उतरवावं लागत नाही.

तात्यांनी मधलं झाकण काढायला लावलं आणि बॅटरी धरली. चाकाच्या मधल्या गोल भोकातून हबचा गोल ओठ डोकावतो, त्या दोघांमध्ये केसाएवढी फट असायला हवी. माझ्या गाडीत फट नव्हतीच. त्या जागी तांबडं-पांढरं कडं भरलं होतं, घट्ट, नखाने खरवडलं तरी न निघणारं.

"हे इथं धरलंय बघ. ड्रमच्या सपाटीवर धरलेलं लाथेनं निघतंय. ह्या कड्यानं धरलेलं निघत नाही," तात्या म्हणाले.

त्याचं कारण असं. चाक हबच्या ओठावर अगदी बेताचं बसवलेलं असतं, म्हणजे ते आपोआप मधोमध येतं. ओठ लोखंडाचा, चाक अ‍ॅल्युमिनियमचं, आणि दोघांच्या मध्ये खारट पाणी. या तिघांची मिळून बारीकशी बॅटरीच होते. तीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. रंग उडालेल्या लोखंडाला आपला तांबडा गंज येतोच. गंज काय आणि ती भुकटी काय, ज्या धातूपासून होते त्याच्यापेक्षा जास्त जागा घेते. एवढ्याशा फटीत ती फुगून बसली की पाचर ठोकल्यासारखं होतं. नट काढले तरी पाचर तिथेच राहते.

गंज सोडवायचा स्प्रे आणला, तीनशे वीस रुपये. इथे पुन्हा चूक केली. नटांच्या भोकांतून भरपूर मारला. तात्या ओरडलेच, "अरे थांब, आत जाईल!" ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतात. ड्रम निघत नसला तर त्यात बोल्ट पिळून तो ढकलायचा असतो. ती भोकं आरपार असतात. चाकामागे वाहत गेलेलं तेल तिथून थेट ब्रेक शूवर पडू शकतं. पुढच्या चाकांना तर डिस्क उघडीच असते. तेल लागलेले शू किंवा पॅड धुऊन पुन्हा भरवशाचे होत नाहीत, ते बदलावेच लागतात.

स्प्रे मारायचा तो फक्त मधल्या कड्यावर, नळी लावून, थेंब थेंब. एका वेळी चार-पाच थेंब पुरेत. पण थेंब खालीच ओघळतात, त्यामुळे वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. म्हणून थेंब सोडायचे, वीस मिनिटं थांबायचं, गाडी थोडी पुढे घेऊन चाक पाव फेरा फिरवायचं आणि पुन्हा सोडायचे. चार वेळा केलं की कडं सगळीकडून भिजतं. रात्री साडेनऊला संपलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काल दिवसभर गाडी चालवली नाही, सकाळ-संध्याकाळ तीच थेंबांची फेरी. आज सकाळी ठोकून पाहिलं, पण या वेळी रीतसर. जमीन फरशीची. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, गाडी गिअरमध्ये. जॅकने उचलून मागच्या दोन्ही जॅक-पॉइंटखाली घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, लावल्या आणि जॅक नुसता आधाराला ठेवला. घोडीची जोडी तात्यांची, नाहीतर चौदाशेला मिळते. चारही नट टोकाशी लावून ठेवले, म्हणजे चाक सुटलं तरी अंगावर न येता नटांवर थांबेल.

समोरच्या बाजूने गाडीखालून जाड सागवानी ठोकळा टायरच्या आतल्या बाजूवर टेकवला आणि त्याच्या मागून रबरी हातोडा मारला. टायरवरच, रिमवर नाही. दहा ठोके मारायचे, चाक पाव फेरा फिरवायचं, पुन्हा दहा. अंग गाडीबाहेर, आत फक्त हात.

चाळीस ठोके झाले, चाक जागचं हललं नाही. प्रत्येक ठोक्याला टायर आत दबतो आणि उसळून ठोकळा परत फेकतो, निम्मा जोर त्यातच जातो. जोरात मारावं तर तो धक्का बेअरिंग घेतं. चाकाजवळ एबीएसचा सेन्सर असेल तर तोही धोक्यात. चाळिसाला थांबलो. हलकं धरलेलं चाक दहा-वीस ठोक्यांत सुटतं. चाळिसात सुटत नसेल तर आणखी शंभर मारून उपयोग नाही, दुसरा मार्ग घ्यायचा.

२१ सप्टेंबर, रविवार

दुसरा मार्ग म्हणजे गाडीच्याच वजनाने चाक सोडवणं. तात्यांनी बुधवारीच सांगितलं होतं, पण ढिल्या नटांवर गाडी चालवायची या कल्पनेनेच मला नको वाटत होतं. आज त्यामागचं कारण नीट समजून घेतलं आणि मग केलं.

जागा : ओळखीच्या राईस मिलचं काँक्रीटचं अंगण. रविवारी मिल बंद, माणूस नाही, उतार नाही. रस्त्यावर हे करायचंच नाही, अगदी गल्लीतसुद्धा नाही.

चारही चाकं जमिनीवर असताना फक्त त्याच एका चाकाचे नट ढिले केले. पहिल्यांदा भीतीने अर्धाच फेरा. चालण्याच्या वेगाने चार-पाच मीटर पुढे, ब्रेक, तेवढंच मागे, ब्रेक. सहा वेळा केलं, काही झालं नाही. अर्ध्या फेऱ्यात नट जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे येतो, चाकाला हलायला जागाच मिळत नाही.

मग प्रत्येक नट पूर्ण दोन फेरे मागे घेतला. नट ज्यावर बसतो त्या माझ्या स्टडचा आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे अडीच मिलिमीटर मोकळीक झाली. नट एकूण आठ-नऊ फेरे बसलेला असतो, त्यामुळे सहा-सात फेरे अजून पकडीत होते. हे आधी मोजून घ्यायचं. एक नट पूर्ण काढून फेरे मोजले, परत लावला आणि मग दोन फेरे सोडले. ज्या गाडीला नटांऐवजी बोल्ट असतात तिलाही हेच मोजमाप लागतं.

मागचं चाक असल्यामुळे ब्रेकच्या पायडलऐवजी हँडब्रेक वापरला. हँडब्रेक मागच्या ड्रमलाच धरतो. ड्रम थांबतो, टायर मात्र पुढे जायला बघतो, आणि चाक हबवर पिळलं जातं. नटांच्या भोकांत जेवढी मोकळीक असते तेवढंच ते फिरतं, पण गंजाचं कडं सरळ ओढीपेक्षा या पिळाने लवकर तुटतं. लाथ मारताना आपण चाक बाहेर ढकलतो, म्हणजे पाचर आहे त्याच दिशेने घासून काढायला बघतो. पिळताना आधी पाचरीचा चुरा होतो.

पुढे, हँडब्रेक. मागे, हँडब्रेक. तिसऱ्या खेपेला स्टिअरिंग पूर्ण वळवून छोट्या गोलात फिरलो, म्हणजे आडवा जोरही आला. चौथ्या खेपेला मागे येताना डाव्या बाजूने आवाज आला. टक्. एकच, कोरडा, वाळकी फांदी मोडावी तसा. खिडक्या उघड्या आणि इंजिन मंद ठेवलं होतं म्हणून ऐकू आला. तिथल्या तिथे थांबलो. आवाज आल्यावर अर्धा मीटरही पुढे जायचं नाही. सुटलेलं चाक आता फक्त स्टडवर लटकलेलं असतं, त्यावर गाडी चालवली की स्टडचे आटे आणि चाकातल्या नटांच्या तिरक्या बैठका खराब होतात.

जागेवरच जॅक, घोडी, नट काढले. चाक हातात आलं. आठ दिवस ज्याने दाद दिली नव्हती ते दोन हातांनी डुगडुगवल्यावर उतरलं. तात्या नुसते म्हणाले, "बघ आता, किती होतं ते."

हबच्या ओठावर सभोवार तांबडं कडं होतं, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. चाकाच्या भोकात समोरासमोर पांढरी खरखरीत पूड, ओल्या चुन्यासारखी. व्हर्नियर लावला. गंजासकट ओठ ५४.३ मिलिमीटर भरला, साफ केल्यावर ५४.०. चाक धरून ठेवलं होतं ते त्या तीन दशांश मिलिमीटरने. ड्रमच्या तोंडावरही गंजाच्या खपल्या होत्या, पण त्या हाताने निघत होत्या. स्प्रे कड्याच्या साधारण अर्ध्या खोलीपर्यंत पोचला होता, तिथे रंग काळपट होता आणि आत सुकी तांबडी माती. म्हणजे नुसत्या स्प्रेवर बसलो असतो तर आणखी आठवडा गेला असता.

साफसफाईला अडीच तास लागले. ड्रमचं तोंड आणि ओठ लोखंडी वायर ब्रशने, मग शंभर नंबरच्या पॉलिश पेपरने. स्टडच्या मुळाशी ब्रश पोचत नाही, तिथे जुना टूथब्रश आणि खिळा. सगळी पूड ओल्या फडक्याने पुसून घेतली, फुंकून उडवली नाही, कारण ड्रमजवळच्या पुडीत ब्रेकची धूळ असते. नाकाला फडकं बांधलं होतं. चाक काढलेलं असताना ब्रेकच्या पायडलवर पाय ठेवायचा नाही, हँडब्रेक लावून ठेवायचा, नाहीतर ड्रमच हातात येतो.

अलॉयच्या भोकाला लोखंडी ब्रश लावला नाही. त्याचे लोखंडी कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. भांडी घासायची हिरवी घासणी आणि पाणी, एवढंच. कानस तर मुळीच नाही. भोक एकदा मोठं झालं की चाक मधोमध बसत नाही, आणि ते पुन्हा लहान करता येत नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पोचा आलेलं चाक घेऊन उद्यमबागेत गेलो. गाडीला सध्या स्टेपनी. ओतकामाच्या एका वर्कशॉपमध्ये तड शोधायला लाल रंग मारतात. रंग तडीत शिरतो, वरचा पुसून पांढरी पावडर मारली की तड असेल तिथे लाल रेघ उमटते. कडेला आणि पाचही दांड्यांच्या मुळांशी मारून घेतलं. रेघ उमटली नाही. तीनशे रुपये. मग टायर उतरवून पोचा दाबून सरळ केला, आठशे. साबणाचं पाणी लावून रात्रभर ठेवलं, बुडबुडा नाही. लाल रेघ दिसली असती तर चाक भंगारात टाकणार होतो. तड गेलेलं अलॉय वेल्डिंग करून वापरायचं नाही, असं तात्यांनीही सांगितलं आणि त्या वर्कशॉपवाल्यानेही.

लोकांनी दोन-तीन दिवसांत मला ग्रीस लावायचा सल्ला दिला. साधं ग्रीस नको. ब्रेक तापले की ते पातळ होतं आणि फिरत्या चाकाने बाहेर फेकलं जातं, ते ब्रेकवर जाऊ शकतं. जाम न होण्यासाठी वेगळी पेस्ट मिळते, उष्णता सहन करणारी. तांब्याची स्वस्त असते, पण अ‍ॅल्युमिनियमशेजारी तांबं म्हणजे पुन्हा तीच बॅटरी, म्हणून अ‍ॅल्युमिनियमवाली घेतली. साडेतीनशेची ट्यूब, आयुष्यभर पुरेल.

तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पेस्ट बोटावर घेतली आणि हबच्या ओठावर सभोवार पुसली, धातू आरपार दिसेल इतकी पातळ. सपाट तोंडावर नाही, कारण चाक आणि ड्रम एकमेकांना घासून धरतात म्हणूनच चाक जागेवर राहतं. स्टडवर आणि नटांच्या बैठकीवर तर अजिबात नाही. तिथे वंगण लागलं की तेवढ्याच पिळात नट कितीतरी जास्त ताणला जातो आणि स्टड लांबतो.

२८ सप्टेंबर, रविवार

उजवं पुढचं चाक. तेही धरलेलं होतं, पण थेंबांच्या दोन फेऱ्या आणि ठोकळ्याचे पंधरा ठोके, एवढ्यात सुटलं. पुढचं असल्यामुळे स्प्रे दुप्पट जपून मारला आणि डिस्कवर फडकं झाकलं. संध्याकाळ होत आली होती. घाई केली. डिस्कचं तोंड साफ केलं, चाकाची मागची बाजू वरवर पुसली आणि बसवलं.

बेळगावला जाताना ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. साठला नाही, ऐंशीला. आधी वाटलं बॅलन्सिंगचं वजन उडालं. घरी येऊन चाक पुन्हा काढलं तर डिस्कच्या तोंडावर, दोन स्टडच्या मध्ये, नखाएवढी गंजाची खपली चपटी होऊन बसली होती. चाकाच्या मागच्या खाचेतली ती, बसवताना निसटून आत गेली असणार. चाकावर तिचा नेमका ठसा उमटला होता, चकचकीत. एवढीशी खपली, पण तिने चाक तिरकं बसवलं होतं. थरथर हा त्यातला लहान त्रास. खपली पुढे चुरगळते, तेवढी जागा मोकळी होते आणि घट्ट केलेले नट आपोआप ढिले पडतात. चाक निसटायची सुरुवात अशी होऊ शकते.

आता चाक बसवण्याआधी ते उभं धरून मागून हाताने थोपटतो, खाचा टूथब्रशने काढतो, आणि दोन्ही सपाट्यांवरून बोट फिरवतो. बोटाला जे लागतं ते डोळ्याला दिसत नाही. खपली काढून बसवलं, ऐंशीला स्टिअरिंग शांत.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

उरलेली दोन चाकं काल रात्री उतरवली. उजवं मागचं हँडब्रेकच्या पद्धतीने दुसऱ्या खेपेला सुटलं, डावं पुढचं नुसत्या हाताने. आज गाडी धुतली, पाना, जॅक, घोडी, हातोडा, ठोकळा सगळं पुसून पूजेला मांडलं. तात्यांच्या व्हर्नियरलाही हळदकुंकू लावलं.

नट टॉर्क पान्याने घट्ट केले, ठरवलेला पीळ बसला की तो खटका देतो. पाना एकोणीसशेचा, सगळ्यात मोठा खर्च तोच. माझ्या गाडीच्या पुस्तकात १०० न्यूटन-मीटर दिलंय. आपापल्या पुस्तकातला आकडा घ्यावा, दुसऱ्या गाडीचा नाही. आधी हाताने चारही नट पूर्ण बसवायचे, मग समोरासमोर, थोडं थोडं, आणि शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर. आजवर मी पान्यावर उभा राहून नट घट्ट करत होतो. तसं केलं की पंक्चर झाल्यावर नट रस्त्यात सोडवता येत नाही, आणि चाक हबवर सरळ बसलं आहे का हेही कळत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

काल गोव्याला जाऊन आलो. आज गाडी थंड असताना सोळाही नटांवर पाना फिरवला. पंधरा नटांवर हाताला न हलता खटका बसला. उजव्या पुढच्या चाकाचा एक नट खटका बसायच्या आधी किंचित फिरला, घड्याळाच्या काट्याच्या दोन मिनिटांएवढा. सपाट्या एकमेकींवर बसताना एवढं होतं, म्हणूनच शंभरेक किलोमीटरनंतर एकदा बघायचं. त्याच नटावर पुन्हा दोनशे किलोमीटरनंतर पाना लावला, तेव्हा जागचा हलला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पाऊस संपला, त्यानंतर गोव्याच्या सहा-सात फेऱ्या झाल्या. पेस्ट टिकली का ते बघायला डावं मागचं चाक मुद्दाम काढलं. नट काढले, चाकाला वरून एक हलका धक्का दिला आणि ते पुढे सरकून हातात आलं. ओठावर पेस्टचा करडा पातळ थर अजून होता, पण खालच्या बाजूला, जिथे पाणी साचतं, तिथे दोन बोटं रुंदीचा तांबूस डाग आला आहे. घासणीने पुसल्यावर गेला. तिथे पेस्ट पुन्हा लावली.

पावसाळा लागायच्या आधी मेमध्ये चारही चाकं एकदा काढणार आहे. तो तांबूस डाग त्याच जागी परत येतो का, ते तेव्हा इथेच लिहीन.